पटवून देणाऱ्या निबंधाला गुण कशाचे?

१९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोन अभ्यासकांनी माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका घेतल्या, त्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि त्या अनेक शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासून परत पाठवल्या. १००पैकी गुण द्यायचे होते. एकाच उत्तरपत्रिकेला कोणी ६४ दिले, कोणी ९८. दुसरीला कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ९७ गुण मिळाले. उत्तरपत्रिका तीच, तपासणारे सगळेच विषयाचे जाणकार, आणि तरी एका टेबलावर जेमतेम ठरलेला मुलगा दुसऱ्या टेबलावर वर्गातला पहिला ठरत होता. या प्रयोगाला शंभरांहून अधिक वर्षे झाली, पण निबंधाच्या गुणांविषयी बोलताना अजून सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते, कारण त्याने उभा केलेला प्रश्न आपल्या शाळांतल्या स्टाफरूममध्ये आजही तसाच आहे.

या तफावतीचा सोपा अर्थ असा लावला जातो की शिक्षक मन लावून तपासत नाहीत. १९६१ साली पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम वाचले की हा अर्थ टिकत नाही. त्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. त्यांत इंग्रजीचे आणि इतर विषयांचे प्राध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि उद्योगातले अधिकारीही होते. निकष कोणतेच दिले नव्हते; चांगल्या-वाईटाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी तेवढी हातात होती. ३००पैकी १०१ निबंधांना एकपासून नऊपर्यंतची प्रत्येक श्रेणी कोणी ना कोणी दिली, आणि पाचांपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या असा एकही निबंध नव्हता. डीडरिक इथे थांबले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण मला त्यातच दिसते. कोणाचे गुण कोणाच्या गुणांशी जुळतात हे त्यांनी तपासले, तेव्हा वाचकांचे पाच गट पडले. एका गटाचे लक्ष विचारांवर होते, दुसऱ्याचे व्याकरण आणि शुद्धलेखनावर, तिसऱ्याचे मांडणीवर, चौथ्याचे शब्दयोजनेवर आणि पाचव्याचे लेखनातून जाणवणाऱ्या व्यक्तिमत्त्वावर. म्हणजे वाचक बेफिकीर नव्हते. प्रत्येक गट वेगळी गोष्ट मोजत होता आणि तिला ‘निबंधाचा दर्जा’ हे एकच नाव देत होता.

या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते याच जागेवरून निघते. निबंधाच्या गुणांतला अन्याय बहुतेक वेळा तपासणाऱ्याच्या हेतूत नसतो. काय मोजायचे हा निर्णय निबंध वाचता वाचता, मनातल्या मनात आणि दर पानागणिक नव्याने होतो, आणि अन्याय तिथे शिरतो. गुणदानाचा तक्ता, ज्याला आता आपण सर्रास रुब्रिक म्हणतो, तो हा निर्णय निबंध हाती येण्याआधी आणि सर्वांना दिसेल असा करायला लावतो. मात्र तक्ता छापला की न्याय झाला असे होत नाही. तक्त्यातले शब्द दोन शिक्षकांना एकाच जागी नेतात का, आणि पटवून देणाऱ्या निबंधात जे मोजायला हवे तेच मोजतात का, हे पाहिल्याशिवाय तो कागदच राहतो.

हे तत्त्वात बोलण्यापेक्षा एक विषय घेऊन पुढे जाऊ. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४च्या सुरुवातीला घेतला. नववीच्या वर्गाला विषय द्यायचा आहे: ‘हाच नियम नववी-दहावीच्या वर्गांनाही लागू करावा का? शाळा व्यवस्थापन समितीला तुमचे म्हणणे पटेल असे सुमारे ३०० शब्दांत लिहा.’ कोणाला पटवायचे हे विषयातच सांगितले आहे, आणि ते सांगणे रुब्रिकच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘सकाळची शाळा: फायदे आणि तोटे’ असा विषय दिला तर मुलगा दोन्ही बाजूंची यादी देऊन मोकळा होतो, मग भूमिकेला किंवा प्रतिवादाला गुण ठेवणे त्याच्यावर अन्यायाचे ठरते, कारण ते त्याच्याकडून मागितलेलेच नव्हते. दुसरी गोष्ट पुराव्याची. घरी वर्तमानपत्र येते, वडील इंटरनेटवरून माहिती काढून देतात, त्या मुलाकडे आकडे असतात. ज्याच्या घरी हे नाही त्याच्याकडे नसतात. अशा वेळी पुराव्याला गुण देणे म्हणजे घराला गुण देणे होते. म्हणून विषयाबरोबर अर्ध्या पानाचे माहितीपत्रक द्यावे. त्यात वाढत्या वयाच्या मुलांची झोपेची वेळ नैसर्गिकपणेच पुढे सरकते आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, हे असावे. एकाच इमारतीत दोन सत्रे चालवणाऱ्या शाळेची अडचण असावी, आणि एसटीच्या फेऱ्यांचे एक वेळापत्रक असावे. स्वतःचे निरीक्षण हाही पुरावा धरला जाईल, हे वर स्पष्ट लिहावे. निबंध अन्याय्य रीतीने तपासला जाण्याची निम्मी कारणे प्रश्न लिहितानाच तयार झालेली असतात.

आता या विषयावर दोन निबंध आले असे समजू. पहिला मोत्यासारख्या अक्षरात आहे. पहाटेच्या वर्णनाने सुरू होतो, लवकर उठण्याची थोरवी सांगणाऱ्या म्हणीवर येतो, दोन थोर पुरुषांच्या दिनक्रमाचा दाखला देतो आणि शेवटच्या ओळीत ‘म्हणून शाळा सकाळीच भरावी’ असे म्हणतो. मध्ये एक वाक्य आहे की काही जणांना हे पटत नाही, पण त्यांनी शिस्तीचे महत्त्व जाणून घ्यावे. शुद्धलेखनाची चूक शोधून सापडत नाही. दुसऱ्या निबंधाचे अक्षर किरटे आहे, ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ आणि ‘होती’ ऐवजी ‘व्हती’ अशी बोलीतली रूपे आहेत, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बऱ्याच आहेत. पण पहिल्याच ओळीत तो म्हणतो की शाळा नऊला भरवावी. कारण देतो: सातच्या शाळेसाठी आमच्या वाडीवरच्या मुलांना पावणेसहाची गाडी धरावी लागते, त्यामुळे साडेचारला उठावे लागते, रात्री दहाच्या आत झोप येत नाही, म्हणून पहिल्या दोन तासांना बाकावर डोळे मिटतात आणि तेच तास गणित-विज्ञानाचे असतात. मग तो स्वतःहून म्हणतो की इमारतीत दुपारी प्राथमिकचे वर्ग भरतात हे खरे आहे. पण त्यांना वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्या देता येतील.

एकंदर छाप पाहून २०पैकी गुण द्यायचे ठरले, तर पहिल्याला १६ आणि दुसऱ्याला १० पडणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे निबंधाची जी परंपरा शाळांतून रुजली, तिने सुभाषिते, कवितेच्या ओळी आणि सुरेख सुरुवात यांना निबंधाचे वैभव मानले आहे. ललित निबंधात ते वैभव खरेच असते. पण पटवून देणाऱ्या निबंधात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: समितीच्या एखाद्या शंका घेणाऱ्या सदस्याने हे वाचले, तर मत बदलायला त्याला काही कारण मिळते का? १९५८ साली स्टीफन टुलमिन या इंग्रज तत्त्वज्ञाने युक्तिवादाची जी फोड केली, ती इथे फार उपयोगी पडते. दावा असतो, त्याला आधार असतो, पण आधारापासून दाव्यापर्यंत नेणारा एक दुवाही असतो, आणि शाळकरी लेखनात बहुधा तोच गायब असतो. थोर पुरुष पहाटे उठत हा आधार झाला. त्यावरून नववीच्या मुलाने सात वाजता शाळेत असावे हे कसे निघते, ते पहिल्या निबंधात कुठेच नाही. दुसऱ्या निबंधात गाडी, झोप, पहिले तास आणि गणित ही साखळी सलग आहे.

म्हणून मी या विषयासाठी चारच निकष सुचवतो. भूमिका स्पष्ट आहे का याला ४ गुण, कारणे आणि आधार यांना ८, विरोधी मताला दिलेल्या उत्तराला ४, मांडणी आणि भाषा मिळून ४. प्रत्येक निकषाच्या चार पायऱ्या. दुसऱ्या निकषात एका पायरीला दोन गुण, बाकीच्यांत एक. खरी मेहनत या आकड्यांत नसून पायऱ्यांच्या वर्णनात आहे. ‘असमाधानकारक, बरा, चांगला, उत्कृष्ट’ असे लिहिले तर काहीच ठरलेले नसते. जुनाच मनातला निर्णय चौकटीत बसवलेला असतो. वर्णन असे हवे की त्याच्यासाठी निबंधातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवता यावे. कारणांच्या निकषात पहिली पायरी अशी: कारणे नुसती सांगितली आहेत, किंवा तेच मत वेगळ्या शब्दांत पुन्हा आले आहे, किंवा दिलेला दाखला या प्रश्नाशी जोडलेला नाही. दुसरी: किमान एका कारणाला प्रश्नाशी संबंधित असा ठोस तपशील आहे. तिसरी: त्या तपशिलावरून दावा कसा निघतो हे लिहून दाखवले आहे. चौथी: शिवाय कारण कुठवर लागू पडते, कोणाला लागू पडत नाही, याची जाण दिसते. विरोधी मताच्या निकषात तशीच उतरंड: विरोध असल्याचा उल्लेख, विरोधकाचे नेमके कारण सांगणे, त्या कारणाला उत्तर देणे, आणि त्यातले सर्वांत बळकट कारण निवडून, त्यातले खरे मान्य करून उत्तर देणे.

या तक्त्याने पहिला निबंध तपासला तर भूमिका शेवटी का होईना कळते म्हणून २, कारणांत पहिली पायरी म्हणून २, विरोधाच्या उल्लेखाला १ आणि भाषेला पूर्ण ४, असे ९ होतात. दुसऱ्याला भूमिकेचे ४, कारणांत तिसरी पायरी म्हणून ६, उत्तराला ३ आणि भाषेला २, असे १५. क्रम उलटला. इथे चोखंदळ वाचक विचारील, आणि विचारावेच, की एक आवड काढून तिथे दुसरी बसवली एवढेच ना हे? त्यावर माझे उत्तर असे की निवड केली हे खरे, पण ती विषयाला धरून केली, लिहून केली आणि मुलांना आधी सांगून केली. ती निःपक्ष आहे की नाही हे पाहण्याची एक साधी चाचणीही आहे. दुसऱ्या निबंधाइतकाच भक्कम, पण उलट बाजूचा तिसरा निबंध तयार करावा: शाळा सातलाच भरावी, कारण नऊला भरली तर सुटायला साडेतीन होतात, साडेतीनची गाडी चुकली की पुढची सहाला, आणि हिवाळ्यात मुली अंधारात घरी पोहोचतात, झोपेचे म्हणणे खरे आहे, पण त्यासाठी अवघड विषय तिसऱ्या तासानंतर ठेवता येतील. या निबंधालाही १५च्या आसपास गुण मिळाले पाहिजेत. ज्या शिक्षकाच्या हातून तो ११वर येतो, त्याने तक्त्याबाहेर आपले मत मोजले आहे. वर्गात सामाजिक किंवा धार्मिक विषय येतात तेव्हा ही चाचणी फार गरजेची असते, कारण तिथे शिक्षकाचे मत अधिक घट्ट असते.

भाषेच्या चार गुणांवर अधिक बोलायला हवे, कारण मराठी शाळेत सगळ्यांत जास्त अन्याय इथूनच होतो. समितीला लिहायचे आहे, तेव्हा प्रमाण भाषेची अपेक्षा रास्त आहे, आणि ती शिकवणे शाळेचे कामही आहे. १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम मुलांना यायला हवेत, यात मला शंका नाही. प्रश्न एवढाच की ‘पानी’ लिहिल्याची किंमत किती वेळा वसूल करायची. एकदा भाषेच्या निकषात ती कापली, की कारणांच्या आठ गुणांत तिचा शिरकाव होता कामा नये. प्रत्यक्षात तो होतो. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की माणसाच्या एका गुणाविषयी झालेले मत त्याच्या इतर गुणांच्या मोजमापात झिरपते. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांविषयी दिलेल्या श्रेणी तपासताना हे त्याच्या लक्षात आले. किरटे अक्षर आणि बोलीतली क्रियापदे वाचणाऱ्याच्या मनात ‘हा मुलगा कच्चा’ असे मत पहिल्या दोन ओळींतच तयार करतात, आणि मग त्याची साखळीसुद्धा तुटक दिसू लागते. यावर दोन उपाय उपयोगी पडतात. एक, तीच चूक पुन्हा पुन्हा आली तरी ती एकदाच धरायची. दहा वेळा ‘व्हती’ लिहिणाऱ्याला एक गोष्ट येत नाही, दहा नव्हे. दुसरा, पूर्ण गठ्ठा आधी फक्त कारणांसाठी वाचायचा, मग क्रम बदलून फक्त प्रतिवादासाठी, आणि भाषेचा निकष सर्वांत शेवटी. नावे झाकलेली असावीत हे वेगळे सांगायला नको. हस्ताक्षर या तक्त्यात नाही, आणि ते जाणूनबुजून ठेवलेले नाही.

आणखी एक धोका आहे, आणि तो तक्ता पाहून दिसत नाही. कागदावर कारणांना ८ आणि भाषेला ४ गुण आहेत, म्हणजे कारणांचे वजन दुप्पट, असे आपण समजतो. पण समजा शिक्षकाने सावधपणे जवळजवळ सगळ्यांनाच कारणांत तिसरी पायरी दिली, आणि भाषेत मात्र कोणाला १, कोणाला ४ अशी मोकळी वाटणी केली. मग कारणांचे ६ गुण सगळ्यांच्या बेरजेत सारखेच मिसळतात आणि कोण पुढे, कोण मागे हे भाषाच ठरवते. एखाद्या निकषाचे खरे वजन त्याच्या कमाल गुणांवर जेवढे असते त्याहून जास्त त्या निकषात गुण किती पसरले यावर असते. म्हणून गठ्ठा तपासून झाल्यावर बेरजेकडे जाण्याआधी प्रत्येक निकषाचा रकाना खालपर्यंत पाहावा. कारणांच्या रकान्यात सगळीकडे ६ दिसत असतील, तर एकतर वर्गाने खरोखर सारखेच लिहिले आहे, किंवा तिसऱ्या पायरीचे वर्णन इतके सैल आहे की सगळेच त्यात बसतात. दुसरे असेल तर तक्ता दुरुस्त करून तो निकष पुन्हा तपासावा लागतो.

आता दोन शिक्षकांचा प्रश्न. तक्ता न्याय्य आहे का हे कळण्यासाठी तो दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता त्याच निबंधांवर वापरून पाहावा लागतो. समजा २० निबंध घेतले आणि विरोधी मताच्या निकषात दोघांची पायरी ७ निबंधांत तंतोतंत जुळली, ११ निबंधांत एका पायरीचा फरक पडला आणि २ निबंधांत दोन पायऱ्यांचा. ‘२०पैकी १८ निबंधांत दोघे जुळले किंवा जवळ आले, म्हणजे ९० टक्के’ असे सांगितले की ऐकायला छान वाटते. पण चार पायऱ्यांच्या मोजपट्टीवर दोघांनी डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या, तरी १६ शक्य जोड्यांपैकी ४ तंतोतंत जुळतात आणि आणखी ६ एका पायरीच्या अंतरात येतात, म्हणजे निव्वळ योगायोगानेच साडेबासष्ट टक्के ‘जवळीक’ मिळते. तंतोतंत जुळणीत योगायोगाचे २५ टक्के असतात आणि इथे मिळाले आहेत ३५. हा निकष अजून नीट चालत नाही, हे यावरून कळते. दोघांनीही दुसरी-तिसरी याच पायऱ्या वापरल्या असतील तर जवळीक आपोआप शंभर टक्के होते, आणि तिचा अर्थ शून्य असतो. म्हणून आकड्यापेक्षा न जुळलेले निबंध हाती घेऊन बसणे अधिक कामाचे. आपल्या दुसऱ्या निबंधाचेच पाहा. खोल्यांविषयीचे उत्तर एका शिक्षकाला तिसऱ्या पायरीचे वाटेल, दुसऱ्याला चौथ्या, कारण ‘हे खरे आहे’ असे म्हणून त्याने विरोधकाचे म्हणणे मान्य केले आहे. वाद मुलाविषयीचा नाही, ‘सर्वांत बळकट कारण’ या शब्दांविषयीचा आहे. इमारतीची अडचण बळकट की उशिरा सुटण्याची? ते या विषयापुरते आधी ठरवून तक्त्यात लिहिले, आणि प्रत्येक पायरीला एक नमुना निबंध जोडला, की पुढच्या २० निबंधांत जुळणी वाढलेली दिसू शकते. अँडर्स जॉनसन आणि गुनिला स्विंगबी यांनी २००७ साली रुब्रिकविषयीच्या ७५ अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे: निकष वेगवेगळे केलेले असतील, विषयाला धरून लिहिलेले असतील आणि त्यांना नमुने व तपासणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जोड असेल, तर गुणांची विश्वासार्हता वाढते. यातले पहिले आपण हौसेने करतो. पुढची कामे बहुधा राहून जातात.

रुब्रिकवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप वेळेचा किंवा कंटाळ्याचा नाही. तो असा की मुले विषयासाठी लिहायचे सोडून तक्त्यासाठी लिहू लागतात. लिंडा मॅब्री यांनी १९९९ साली आणि अल्फी कोन यांनी २००६ साली हे ठामपणे मांडले, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी होणाऱ्या एसएटी परीक्षेत २००५ साली २५ मिनिटांचा निबंध आला, तेव्हा एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुना निबंध तपासून दाखवले की गुण निबंधाच्या लांबीशी कमालीचे बांधलेले आहेत. तिथे तक्ता होता, प्रशिक्षित परीक्षक होते, आणि तरी भरघोस लिहिणारा जिंकत होता. माझ्या मते यातून दिसते ते असे की वर्णन जेव्हा लेखनाचे रूप सांगते तेव्हा साचा तयार होतो, आणि काम सांगते तेव्हा तो तयार व्हायचे कारण कमी होते. ‘तीन कारणे द्यावीत, पाच परिच्छेद असावेत, सुरुवात प्रश्नाने व्हावी’ असे लिहिले की मुले तेवढेच करतील. ‘तपशिलावरून दावा कसा निघतो ते दाखवले आहे’ याला ठरावीक वाक्य नाही. एकच कारण खोलवर नेणारा मुलगाही तिथे पोहोचतो आणि तीन कारणे गुंफणारी मुलगीही. तरीही हा धोका संपत नाही, हे मान्य करायला हवे. ‘काही जण म्हणतील की’ हे वाक्य प्रत्येक निबंधात तिसऱ्या परिच्छेदाच्या तोंडी दिसू लागले, की समजावे की प्रतिवादाच्या पहिल्या दोन पायऱ्यांनी साच्याला जागा दिली आहे आणि त्यांची वर्णने बदलायला हवीत.

दुसरा आक्षेप अनुभवी शिक्षकांचा असतो: बरा निबंध कोणता हे वाचताच कळते, तुकडे कशाला करायचे? याला शास्त्रीय आधारही आहे. १९२७ साली लुई थर्स्टन यांनी मांडलेल्या तत्त्वावर उभी असलेली तुलनेची पद्धत आज काही देशांत निबंधांसाठी वापरतात. दोन निबंध शेजारी ठेवून सरस कोणता एवढेच सांगायचे, अनेक शिक्षकांनी अशा अनेक जोड्या पाहायच्या, आणि त्यांतून क्रम तयार करायचा. असा क्रम बऱ्यापैकी स्थिर निघतो, आणि एकट्या शिक्षकाच्या एकंदर छापेपेक्षा तो निश्चितच विश्वासार्ह आहे. पण डीडरिक यांचे ५३ वाचकही अनुभवी होते. पुष्कळांच्या नजरांची सरासरी स्थिर असते याचा अर्थ एकाची नजर स्थिर असते असा नाही, आणि एका वर्गाला निबंध तपासणारा शिक्षक एकच असतो. शिवाय क्रम हाती आला तरी नवव्या क्रमांकावरच्या मुलाला आपले काय कमी पडले हे त्यातून कळत नाही. ऑस्ट्रेलियातले रॉइस सॅडलर मात्र एक खरी गोष्ट सांगतात: चांगल्या लेखनातले सगळे गुण आधी लिहून ठेवता येत नाहीत, आणि कधी कधी निबंध तक्त्याच्या बेरजेपेक्षा सरस असतो. अशा निबंधासाठी मी तक्त्याच्या खाली एक मोकळी ओळ ठेवावी म्हणतो. बेरीज आणि एकंदर मत यांत फरक वाटला तर शिक्षकाने गुण गुपचूप सरकवू नयेत. त्या ओळीत कारण लिहावे आणि निबंध दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावा. असे निबंध एकाच निकषाभोवती जमू लागले, तर उणीव त्या निकषात आहे.

वेळेचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. ६० मुलांचा वर्ग आणि चार निकष म्हणजे २४० निर्णय, आणि गठ्ठा निकषागणिक फिरवायचा तर तो चार वेळा हातातून जातो. दर आठवड्याच्या निबंधाला हे करणे शक्य नाही, आणि करूही नये. सरावाच्या निबंधात एकच निकष तपासावा, या महिन्यात फक्त कारणे, पुढच्या महिन्यात फक्त प्रतिवाद, आणि ज्याचे गुण प्रगतिपुस्तकात जाणार आहेत तेवढ्याच निबंधाला पूर्ण तक्ता लावावा. त्यातही दुसऱ्या शिक्षकाने सगळे ६० न पाहता दर सहावा निबंध पाहिला तरी १० निबंध होतात, आणि वर्णन कुठे घसरते हे दिसायला ते पुरतात. या दोघांत एका पायरीचा फरक असेल तर मधला गुण धरावा. दोन पायऱ्यांचा असेल तर सरासरी काढू नये, कारण तिथे दोघांपैकी एकाने वेगळीच गोष्ट मोजलेली असते. तो निबंध दोघांनी एकत्र बसून, तक्ता समोर ठेवून, ज्या ओळीवर पायरी ठरवली त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचावा. त्यात वर्णनाचा दोष निघाला, तर त्या निकषापुरते उरलेले ५० निबंधही पुन्हा उघडावे लागतात.